नवरीच्या फोटोखालच्या चार ओळी

माझ्या सँडलखाली काहीतरी मऊ आलं आणि खालून आवाज आला, "आई गं!"

मी दचकून मागे सरले. सभागृहाच्या चकचकीत फरशीवर एक माणूस चक्क पालथा पडला होता. एका हातात कॅमेरा, आणि दुसऱ्या हातावर... माझा पाय.

"सॉरी, सॉरी! पण तुम्ही खाली काय करताय?"

"फोटो काढतोय."

"माणसं वर आहेत." मी भुवई उंचावली. "निदान त्यांचे चेहरे तरी."

तो उठून बसला, बोटं हलवून पाहिली आणि माझ्याकडे बघून हसला. हसला म्हणजे, एका गालानं. दुसरा गाल अजून हाताच्या दुखण्यात अडकला होता बहुतेक.

"मी लग्नांचे फोटो काढत नाही हो. मी नळांचे काढतो. नळ, बिजागऱ्या, कड्या... कंपन्यांच्या कॅटलॉगसाठी. माझा मित्र आजारी पडला म्हणून त्याच्या जागी आलोय. नळाला चेहरा नसतो, त्यामुळे मला चेहऱ्यापासून सुरुवात करायची सवय नाही."

मी कपाळावर हात मारला. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं लग्न, आणि फोटो काढायला कोण? तर नळवाला!

त्या दिवशी मी नवरीची करवली होते. करवलीनं काय करायचं असतं? नवरीचं पाणी धरायचं, पिना सांभाळायच्या, तिला शिंक आली तर रुमाल पुढे करायचा. आणि आमच्या बबडीनं मला आणखी एक काम महिनाभर आधीच सोपवून ठेवलं होतं. सोशल मीडियावर टाकायच्या तिच्या लग्नाच्या फोटोंखाली काय लिहायचं, ते मी लिहायचं.

"तूच लिही," ती म्हणाली होती. "तुझ्याइतकं मला कुणी ओळखत नाही. मी जशी आहे तशी लिही."

बबडी म्हणजे माझी वसतिगृहापासूनची मैत्रीण. लहान मुलांना पोहायला शिकवते. पाण्यात मासोळी, आणि रस्त्यावर मात्र देवाची करणी! गाडी शिकायला गेली ती लायसन्सच्या परीक्षेत इतक्यांदा नापास झाली, की परीक्षक तिला वाढदिवसाला शुभेच्छा पाठवायला लागला. पण त्या सगळ्या फेऱ्यांमध्ये शेजारच्या सीटवर बसणारा, कधीही न ओरडणारा ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर तिला आवडून गेला. आज ती त्याच मास्तरशी लग्न करत होती.

लग्न झालं. सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, मी रडले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बबडीचा फोन आला.

"टाचणी," ती मला याच नावानं हाक मारते, "ते फोटोंखालचं... लिहिशील ना? पण जरा बेतानं, हं?"

बेतानं? मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. हा शब्द या बाईच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता.

"काय झालं गं?"

"काही नाही. सासूबाई म्हणाल्या, त्यांचे सगळे जुने विद्यार्थी बघतील, नातेवाईक बघतील. शोभेलसं असावं."

तिच्या सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणतं आणि म्हणताना पाठ ताठ करतं. साखरपुड्यापासून बबडी त्यांच्यासमोर हळू बोलत होती, हळू हसत होती, बशीत चमचासुद्धा हळू ठेवत होती. मला तेव्हा गंमत वाटली होती. आता वाटेना. त्या घरात माझी बबडी राहायला गेली होती, की तिच्या नावाची कुणी दुसरीच शहाणी मुलगी?

मी कानाच्या दवाखान्यात काम करते. माणसांच्या कानाला यंत्र लावून मी आवाज ऐकवते आणि त्यांना ऐकू आलं की नाही, ते बघते. दिवसभर हेच करून मला एक खोड लागली आहे. माणूस 'हो' म्हणाला तरी त्याला खरंच ऐकू आलं का, ते मला चेहऱ्यावरून कळतं. बबडी फोनवर 'काही नाही' म्हणाली, आणि मला सगळं ऐकू आलं.

त्या संध्याकाळी मी फोटो निवडायला नळवाल्याच्या स्टुडिओत गेले.

स्टुडिओ म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबट खोली. पांढऱ्या कापडावर एक पितळी नळ दिव्यांच्या झोतात बसला होता, थेट नवरीसारखा. बाहेर पावसाची भुरभुर सुरू होती, पत्र्यावर कुणी मोहरी उधळावी तशी.

"या करवली," तो म्हणाला. "माझा हात बरा आहे. विचारलं नाहीत, पण सांगतो."

"विचारणारच होते."

"कधी?"

"...निघताना."

तो हसला. या वेळी दोन्ही गालांनी. मी पटकन पडद्याकडे बघायला लागले.

आणि बघतच राहिले. नळवाल्यानं भलतंच काहीतरी टिपलं होतं! सभागृहाच्या बंद दारासमोर, पायरीवर, पूर्ण नटलेली बबडी एकटीच गाल फुगवून बसली होती. पुढच्या फोटोत ती सही करत होती, पण तिचा चेहरा नव्हताच. टेबलाखालचे पाय होते, तिचे आणि मास्तरचे. मग मी रडतेय आणि नवरीच माझे डोळे पुसतेय, असा एक. चेहरेही होते, सुंदर होते, पण प्रत्येक फोटोत काहीतरी घडत होतं.

"ही करवली बरीच दिसतेय की," मी पडदा पुढे सरकवत म्हटलं. माझे केस, माझा हात, माझ्या हातातल्या पिना, मी जांभई देताना...

"अं... प्रकाश चांगला होता," तो घाईघाईनं नळाची दिशा बदलायला गेला. नळ आधीच नीट होता.

मी मोबाइल काढला. "हे ऐका. लिहून आणलंय." आणि वाचलं, "दोन जीव, एक प्रवास, प्रेमाच्या या सुंदर वाटेवर अनंत शुभेच्छा."

त्यानं नळावरची धूळ पुसली.

"कसं आहे?"

"छान आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा मात्र काहीच ऐकू न आलेल्या माणसाचा होता.

"खरं सांगा."

"मी नळाखाली 'टिकाऊ आणि आकर्षक' लिहितो. ते कुठल्याही नळाखाली चालतं. हे कुठल्याही लग्नाखाली चालेल."

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी तावातावानं तिथेच दुसरं लिहिलं आणि पायरीवरच्या फोटोखाली ठेवलं. नुसतं, "निघालेच!!!" आणि पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले चार चेहरे.

"आता?" मी हसू दाबत विचारलं.

"निघालेच... कुठे?"

"अहो, तेच तर! ती रोज 'निघालेच' म्हणते!"

"बरं."

"म्हणजे फोनवर 'निघालेच' म्हणते आणि मग अंघोळीला जाते! आम्ही सिनेमा अर्धा बघितलेला असतो, ही अजून टॉवेल शोधत असते. आख्खी वसतिगृहाची वर्षं तिनं 'निघालेच'वर काढली. आणि लग्नाच्या दिवशी सभागृहाचा रखवालदार यायच्या आधी, कुलूप उघडायच्या आधी, ही बया जाऊन पायरीवर बसली! मी फोन केला तर मला म्हणते, 'अगं कुठे आहेस? निघालीस का?'"

तो हसायला लागला. आधी नुसते खांदे, मग पूर्ण माणूस. दिव्याच्या स्टँडला धरून हसला.

"हे लिहा ना!" तो डोळे पुसत म्हणाला. "आत्ता बोललात ते. तुमचा विनोद घरात आहे आणि तुम्ही मला नुसती कडी दाखवताय. दार उघडा की जरा. एकच वाक्य पुरे, मी आत येतो."

मी त्याच्याकडे बघितलं. मग फोनकडे. मग परत त्याच्याकडे.

"खुर्ची आहे का आणखी एक?" मी विचारलं.

मग पुढच्या काही संध्याकाळी आम्ही तेच केलं. मी दवाखान्यातून सुटले की थेट तिथे. मी आमच्या दोघींचा विनोद सांगायचा, त्यानं परक्या माणसासारखं ऐकायचं. तो जिथे 'म्हणजे?' म्हणेल तिथे अर्धं वाक्य घालायचं, आणि समजावणं लांबलं की काढून टाकायचं. कारण समजावलेला विनोद मेलाच.

शिवाय फोन सगळं एकदम दाखवत नाही. सुरुवातीची ओळ-दीड ओळ दिसते आणि मग 'आणखी वाचा' येतं. म्हणजे पहिली ओळ अशी हवी, की तिऱ्हाइतालाही पुढे वाचावंसं वाटलं पाहिजे. शुभेच्छा पहिल्या ओळीत घातल्या, तर लोक तिथूनच अंगठा वर करून निघून जाणार. आणि ओळींचा क्रम फोटोंच्या क्रमासारखा हवा. माणूस एक ओळ वाचतो, बोटानं फोटो सरकवतो, पुन्हा ओळीकडे येतो. पायांची ओळ रडण्याच्या फोटोवर आली की सगळा खेळ फसला.

"हा कुठला?" एकदा त्यानं विचारलं. मी बबडीच्या नोकरीच्या पहिल्या मुलाखतीची गंमत लिहिली होती. ती घाबरून स्वतःचं नावच विसरली होती, ती.

"आम्ही दोघी यावर खूप हसतो."

"दोघी?" त्यानं मान तिरपी केली. "आठवताना तुम्ही हसलात. ती तिथे असती तर हसली असती? नव्या सासरच्यांसमोर?"

मी आठवून पाहिलं. बबडी त्यावर हसते, पण माझ्यानंतर हसते. मी ती ओळ पुसून टाकली.

"रागावलात?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्हाला कान चांगले आहेत."

"कानाच्या दवाखान्यातून असं सर्टिफिकेट मिळणं म्हणजे..." तो थांबला. चहाचा कप माझ्याकडे सरकवताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. बाजूला घ्यायला हवी होती. दोघांनीही घेतली नाहीत... जरा वेळ.

"करवली," तो हळूच म्हणाला, "तू तो पायांचा फोटो शेवटी का ठेवला नाहीस?"

'तू' म्हणाला. त्याच्याही ते लक्षात आलं, आणि कान लाल झाले. मी काही दुरुस्ती केली नाही.

"शेवटी मी रडतेय तो हवा," मी म्हटलं. "आणि तुला काय कळतंय त्यातलं, नळवाल्या?"

अखेर मजकूर तयार झाला. तो असा:

*'निघालेच' असं फोनवर सांगून अंघोळीला जाणारी ही मुलगी स्वतःच्या लग्नाला मात्र रखवालदाराच्या आधी पोचली. बंद दाराशी बसलेली नवरी बघा. मास्तर, यापेक्षा मोठी प्रेमाची कबुली तुम्हाला आयुष्यात मिळणार नाही.*

*दुसऱ्या फोटोत चेहरे शोधू नका, मास्तरांचा उजवा पाय बघा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. ही वेगात निघाली की त्यांचा पाय आपोआप दाबला जातो. इथे ती सही करतेय, आणि ते फरशी दाबतायत. गाडी थांबली नाही. अभिनंदन!*

*शेवटचा फोटो: ही पोहायला शिकवते तिथे नियम आहे, डोळ्यांतून आलेलं पाणी तलावाचंच धरायचं, म्हणजे कुणी रडलं असं होत नाही. सभागृहात तलाव कुठे होता, ते करवलीला विचारू नये.*

*बबडे, सुखात राहा. अशीच राहा.*

*फोटो: एक नळवाला.*

नवरा-नवरीच्या आधी असलं काही आपण टाकायचं नसतं, आणि त्यांना न विचारता तर मुळीच नाही. मी फोटो आणि मजकूर बबडीला पाठवला आणि फोन पालथा ठेवला.

काही नाही. चहा झाला. पाऊस थांबला. तरी काही नाही.

"जास्त झालं का रे?" मी विचारलं. "तिला तिथे राहायचंय. माझ्यापायी बाई तिला बोलल्या तर..."

"वाचल्यावर त्या माझ्यासारख्या हसल्या तर?"

"त्या हसतात असा पुरावा नाही कुणाकडे."

तेवढ्यात फोन थरथरला. मी उचलला आणि पलीकडून नुसता आवाज आला. बबडी हसत होती. हळू नाही, बेतानं नाही. घोडा खिंकाळावा तशी, तिचं ते जुनं, वसतिगृहाच्या खिडक्या हलवणारं हसू.

"टाचणे! अगं, मी बाथरूममध्ये वाचत होते, इतकी हसले की सासूबाईंनी दार वाजवलं! पडले की काय म्हणून!"

"मग?"

"मग काय, मोबाइलच दिला त्यांच्या हातात. म्हटलं जे होईल ते होवो." तिचा श्वास लागला होता. "चष्मा लावून उभ्यानं वाचलं त्यांनी. मोठ्यानं. शाळेत धडा वाचतात तसं. मास्तर पडद्यामागे लपला."

"आणि?"

"पायाच्या ओळीपाशी थांबल्या. मला वाटलं, झालं आता. तर म्हणतात, 'हा लहानपणी माझ्या मागे सायकलवर बसायचा, तेव्हाही असाच पाय दाबायचा. माझ्या पोटऱ्या दुखायच्या.' आणि टाचणे, त्या हसल्या! खुर्चीत बसून, पदर तोंडाला लावून! मग मला विचारलं, 'तू घरात अशी का हसत नाहीस गं?'"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तुम्हाला शोभणार नाही असं वाटलं. तर म्हणाल्या, 'शोभेलसं म्हटलं होतं, मुकं नव्हे.' आणि वर म्हणाल्या, 'आता टाक ते सगळं. मुलगी चांगली लिहिते.'"

मी फोन ठेवला आणि नळवाल्याकडे वळले. मी त्याच्या खांद्यावर एक सणसणीत थाप मारली. तो नळावर कोसळता कोसळता वाचला.

"जिंकलो?" त्यानं विचारलं.

"जिंकलो!"

मजकूर बबडीनं त्याच संध्याकाळी टाकला आणि मग जे सुरू झालं! तिच्या पोहण्याच्या मुलांच्या आया, बाईंचे टक्कल पडलेले विद्यार्थी, मास्तरकडे गाडी शिकलेली अर्धी वस्ती. तिला कधीही न बघितलेली माणसं लिहायला लागली. 'आमच्या घरीही एक निघालेच आहे.' 'माझे बाबा सोफ्यावर बसूनही ब्रेक दाबतात.' आणि तो परीक्षक! त्यानं लिहिलं, 'सही पहिल्या प्रयत्नात जमली, याचा मला विशेष आनंद.' सगळ्यांत वर मात्र एकच ओळ होती. बाईंची. 'आमची सून आहे. जशी लिहिली आहे तशीच आहे. आम्ही नशीबवान.'

ती ओळ मी दवाखान्यात, पेशंट बाहेर बसलेला असताना वाचली, आणि मला दोन मिनिटं खरंच काही ऐकू आलं नाही.

रविवारी बाईंनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं. मी जिना चढत होते, नळवाला मागून आला. धुतलेला शर्ट, नीट भांग. हातात कॅमेरा होता, पण पिशवीत. जिन्याच्या वळणावर तो थांबला. आतून बबडीचं हसू ऐकू येत होतं.

"ऐक ना," तो म्हणाला. "आता लिहून झालं सगळं. म्हणजे... यापुढे तू स्टुडिओत येणार नाहीस."

"काम संपलं ना."

"हो. ते मला कळतं." त्यानं कठड्यावर बोट फिरवलं. "पण मी दोन दिवस तिथे दुसरी खुर्ची उचललीच नाही. नळ बघायला बसतो आणि वाटतं, तू काहीतरी म्हणशील... मला नीट बोलता येत नाही गं. मला तू आवडतेस. लग्नाच्या दिवशीच आवडलीस, हात दुखत असतानासुद्धा. प्रकाशाचं मी खोटं बोललो होतो."

लोकांच्या चेहऱ्यावरून मी ओळखते, ऐकू आलं की नाही. त्या क्षणी तो माझ्या चेहऱ्याकडे तसाच बघत होता, श्वास रोखून.

"ऐकू आलं," मी म्हटलं. "लख्ख."

"आणि...?"

"आणि मलाही. केव्हापासून ते विचारू नकोस, मलाच नक्की माहीत नाही. बहुधा तू ती मुलाखतीची ओळ पुसायला लावलीस तेव्हापासून." मी त्याचा हात धरला, माझ्या सँडलखाली आलेला तोच की दुसरा, कोण जाणे. "चल."

"कुठे?"

"आत. मला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय चहा जाणार नाही."

आणि मी त्याला ओढतच आत नेलं. बबडी, मास्तर, बाई, तिघंही चहाच्या कपांवरून वर बघायला लागले. मी म्हटलं, "आमचं जमलंय!"

बबडीनं किंकाळी फोडली आणि उडी मारून माझ्या गळ्यात पडली. मास्तरनं नळवाल्याचा हात इतका वेळ हलवला, की तो बिचारा दुखऱ्या बोटांसाठी गयावया करायला लागला. बाई शांतपणे उठल्या, कप खाली ठेवला, आणि त्याच्यापुढे हात पसरला.

"द्या तो कॅमेरा इकडे. आज तुम्ही फोटोत उभं राहायचं."

"बाई, तुम्हाला येतो?" तो घाबरून म्हणाला.

"मी आयुष्यभर चाळीस-चाळीस पोरं एका वेळी गप्प बसवली आहेत. हे यंत्र काय मोठं? सरका जवळ. आणखी जवळ. लाजताय काय!"

आम्ही सरकलो. बबडीनं मला मागून मिठी मारली होती, मास्तर हसत होता, नळवाल्याच्या हाताला घाम फुटला होता आणि मी तो सोडत नव्हते. बाईंनी एक डोळा मिटला, आणि बटण दाबलं.